विक्रीच्या तक्त्यात श्रावण वेगळा दाखवा

कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याच्या खानावळीसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करताना बारा महिने सारखीच विक्री लिहू नका. श्रावणात मटण खाणारे किती उरतात, हे बँकेतल्या साहेबांनाही ठाऊक असतं.

समजा, २५० रुपयांची रोज ४० ताटं, महिन्याला २६ दिवस, विक्री २,६०,०००. कच्चा माल ४५ टक्के आणि भाडं, पगार, गॅस मिळून ९५,००० वजा केले की ४८,००० उरतात. सहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १३,०५०. घरखर्चाला २५,००० काढूनही तो आरामात निघतो.

श्रावणात विक्री निम्मी धरली, तर मात्र हप्त्याआधीच २३,५०० तूट येते. ती तूट आणि हप्ता मिळून ३६,५५० रुपये खेळत्या भांडवलात आधीच मांडा, घरखर्च त्याशिवाय.