पाण्यात बुडणारा मध शुद्धच असतो का?

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हिवाळ्यात पाण्याच्या ग्लासात तळाशी जाऊन बसलेला तोच मध पातळ होऊन लवकर विरघळू लागतो. मध पाण्यात बुडतो का हे पाहण्याची ही चाचणी केवळ घट्टपणा दाखवते, आणि घट्टपणा तापमानावर व ओलाव्यावर अवलंबून असतो. म्हणूनच साखरेचा दाट पाकही तिच्यात सहज उत्तीर्ण होतो, तर थोडा जास्त ओलावा असलेला अस्सल मध नापास ठरतो. मध गोठून दाणेदार झाला म्हणजे त्यात साखर घातली, हा समजही चुकीचा आहे.

प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचे, प्रमाण मोजतात. ऊस, मका आणि आपली ज्वारी हवेतील कार्बन ज्या पद्धतीने घेतात, ती मधमाश्यांना मकरंद देणाऱ्या बहुतेक फुलझाडांच्या पद्धतीहून वेगळी असते. त्यामुळे त्यांच्यातील हे प्रमाणही वेगळे असते आणि उसाच्या वा मक्याच्या पाकाची भेसळ उघड होते. तांदूळ आणि बीट मात्र फुलझाडांच्याच गटात मोडत असल्याने त्यांचा पाक या चाचणीतून निसटू शकतो. त्यासाठी एनएमआर चाचणी उपयोगी पडते, जी मधातील अनेक घटकांचा एकत्रित आराखडा अस्सल नमुन्यांशी ताडून पाहते. म्हणून अहवाल पाहताना नेमकी कोणती चाचणी केली आहे, हे आधी वाचावे.