बजेट ३००, कापले १,०००

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं फराळाचं घरगुती काम. गूगलवरच्या जाहिरातीला रोजचे ३०० रुपये ठरवले होते, अन् तिसऱ्या दिवशी कार्डातून एकदम १,००० गेले! हे म्हणाले, "कार्ड बंद कर."

आधी बिलिंगचं पान उघडलं. तिथे रोजचा खर्च दिसला: १७०, २९०, शनिवारी ५४०. बेरीज बरोबर हजार, आणि माझ्या खात्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे पैसे कापण्याचा उंबरठाही हजारच. म्हणजे ती तीन दिवसांची थकबाकी होती. पैसे रोज नाही, उंबरठा गाठला की कापतात. नाहीतर महिनाअखेरची बाकी वसूल होते.

शनिवारचे ५४०? रोजचं बजेट सरासरी असतं. मागणी असेल त्या दिवशी दुपटीपर्यंत जातं, पण महिन्याला ३०.४ पट, म्हणजे ९,१२० च्या वर नाही. मला सहा हजारच झेपतात, म्हणून बजेट १९५ केलं.