बंगळुरात कन्नड शिकताय? इंग्रजीचा वळसा टाळा

नोकरीसाठी बंगळूरला गेलेला मराठी माणूस फोनवर कन्नडचं अ‍ॅप घेतो आणि ते विचारतं, कुठल्या भाषेतून शिकणार? मराठीचा पर्याय बहुतेक वेळा नसतोच, म्हणून तो इंग्रजी निवडतो. पुढच्या बऱ्याचशा चुका इथून सुरू होतात. कन्नड आणि मराठी शेकडो वर्षं शेजारी नांदल्या आहेत. शब्द वेगळे असले तरी वाक्य उभं करण्याची दोघींची रीत पुष्कळदा एकच असते. मध्ये इंग्रजी आली की हा फायदा हातचा जातो.

एकच वाक्य घेऊन पाहा. अ‍ॅप 'आय वाँट वॉटर' दाखवतं. शिकणारा 'आय' म्हणजे 'नानु', 'वॉटर' म्हणजे 'नीरु', 'वाँट' म्हणजे 'बेकु' असे शब्द जुळवतो आणि म्हणतो, 'नानु नीरु बेकु'. मराठीत हे 'मी पाणी पाहिजे' असं झालं. बरोबर वाक्य आहे 'नंगे नीरु बेकु', म्हणजे मला पाणी पाहिजे. 'मला'ला 'नंगे', 'पाणी'ला 'नीरु', 'पाहिजे'ला 'बेकु', तेही त्याच क्रमाने. मराठीतून गेलात तर ही चूक होणारच नाही. 'नंगे' धरून ठेवा आणि पुढचा शब्द बदलत जा: नंगे गोत्तु (मला माहीत आहे), नंगे गोत्तिल्ला (मला माहीत नाही), नंगे साकु (मला पुरे), नंगे कन्नडा बरल्ला (मला कन्नड येत नाही). या शेवटच्या वाक्यातलं 'बरल्ला' अक्षरशः 'येत नाही' असंच आहे. भाषा 'येते' असं मराठीसारखंच कन्नडही म्हणते.

म्हणून अ‍ॅपमधलं प्रत्येक नवं वाक्य वहीत उतरवताना खाली मराठी अर्थ लिहा, इंग्रजी नको. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं 'भाषा संगम' अ‍ॅप 22 भारतीय भाषांतली रोजची वाक्यं शिकवतं. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, तेव्हा अशी जोडणी करायला ते सोयीचं पडतं.

सगळीकडे 'इल्ला'

नव्या माणसाचा नकार म्हणजे 'इल्ला'. इंग्रजीतल्या 'नो'ला अ‍ॅपने पहिल्या दिवशी तोच शब्द दिलेला असतो. पण कन्नडमध्ये नकार अनेक आहेत, आणि मराठीतही आहेत. 'इल्ला' म्हणजे नाही, 'अल्ला' म्हणजे नव्हे, 'बेडा' म्हणजे नको, 'बारदु' म्हणजे नये. 'बस इदेया?' (बस आहे का?) या प्रश्नाला 'इल्ला' हे उत्तर बरोबर. 'इदु मेजेस्टिक बस्सा?' (ही मेजेस्टिकची बस का?) याचं उत्तर मात्र 'अल्ला', कारण बस समोर उभी आहे, फक्त ती मेजेस्टिकची नव्हे. भाजीवाली आणखी जुडी पुढे करते तेव्हा 'बेडा' म्हणायचं. तिथे 'इल्ला' म्हटलं तर 'नाही' कशाला, हे तिला कळत नाही.

क्रियापदालाही हेच नकार चिकटतात. होगबेडि म्हणजे जाऊ नका, होगबारदु म्हणजे जाऊ नये, होगल्ला म्हणजे जात नाही किंवा जाणार नाही, होगक्के आगल्ला म्हणजे जायला जमत नाही. हिंदीतून शिकणाऱ्याला 'बेडा'साठी नेमका एक शब्द सापडत नाही. आपल्याकडे 'नको' तयार आहे. पहिले काही दिवस फक्त हे नकार घोळवा, बाकीचं व्याकरण थांबलं तरी चालेल.

पुस्तकी वाक्य बोलून दाखवणं

अ‍ॅप 'नानु नाळे बरुत्तेने' शिकवतं. वाक्य शुद्ध आहे, पण बंगळूरच्या रस्त्यावर कानावर पडतं 'नान् नाळे बर्तीनि' (मी उद्या येतो). 'बरुवुदिल्ल'चं 'बरल्ला' होतं, 'ननगे'चं 'नंगे', 'एनु माडुत्तिद्दीरि'चं 'एन् माड्तिदीरा'. मराठीत 'काय करीत आहात'चं 'काय करताय' होतं, तसाच हा प्रकार. पुस्तकी बोललात तर समोरच्याला कळेल. खरी अडचण ऐकताना येते. शिकलेला शब्द समोरून आखडून येतो, ओळखू येत नाही, आणि माणूस समजतो की आपल्याला काहीच येत नाही. अ‍ॅपमध्ये धडे शंभर टक्के आणि दुकानात शून्य अशी अवस्था असेल तर कारण बहुधा हेच.

उपाय सोपा आहे. आठवड्याला अ‍ॅपमधली दहाच वाक्यं निवडा आणि इमारतीतल्या एखाद्या कन्नड शेजाऱ्याला विनंती करा की हे घरी जसं बोलता तसं फोनवर रेकॉर्ड करून द्या. 'वाचून दाखवा' म्हणू नका. वाचताना माणूस पुन्हा पुस्तकी होतो. ते रेकॉर्डिंग आधी ऐका, अ‍ॅपमधलं वाक्य नंतर पाहा.

अ‍ॅपची आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. दिलेल्या तुकड्यांतून वाक्य जुळवणं म्हणजे ओळखणं. तोंडातून वाक्य काढणं ही वेगळी गोष्ट आहे. पर्याय दिसण्याआधी पडद्यावर हात ठेवून वाक्य मोठ्याने म्हणा, मगच बोट लावा. धडा दुप्पट वेळ घेईल, पण तोच उपयोगी पडेल.

रोमन लिपीतली टिपणं

व्हॉट्सअ‍ॅप गटांत कन्नड शब्द रोमन लिपीत फिरतात आणि उच्चार तिथेच बिघडतो. 'halli' असं लिहिलेला शब्द 'हळ्ळि' (गाव) असेल किंवा 'हल्लि' (पाल) असेल. ळ आणि ण आपल्या जिभेवर आहेत, ते रोमनमध्ये हरवू कशाला? टिपणं देवनागरीतच ठेवा. जोडाक्षराकडेही लक्ष द्या: 'कते' म्हणजे गोष्ट आणि 'कत्ते' म्हणजे गाढव.

देवनागरीतही एक भोक आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. आपल्या नेहमीच्या लिखाणात तो फरक दिसत नाही. 'बेळे' ऱ्हस्व म्हटलं तर पीक, लांबवून म्हटलं तर डाळ. वहीत दीर्घ स्वरापुढे अवग्रह टाकायची सवय लावा: बेळे म्हणजे पीक, बेऽळे म्हणजे डाळ. (या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून ती खूण इतरत्र टाकलेली नाही.) मराठी जिभेची एक खोडही मोडायला हवी. 'जरा', 'चांगला' यांतला दंत्य च-ज कन्नडमध्ये नाही. 'जास्ति' म्हणताना 'जीवन'मधला ज वापरा, 'जरा'मधला नव्हे.

ओळखीच्या शब्दांवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. चिल्लरे (सुटे), कम्मि (कमी), तुप्पा (तूप), कादंबरि हे सरळ चालतात. पण 'खारा' म्हणजे खारट नव्हे, तिखट. सांबार खारट लागलं म्हणून 'खारा जास्ति' अशी तक्रार केलीत तर पुढच्या वेळी मिरची कमी होईल, मीठ तेवढंच राहील. मिठाला 'उप्पु' म्हणतात, म्हणून 'उप्पु जास्ति' म्हणा. 'तायि' म्हणजे आई, तेव्हा मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाईला 'ताई' ऐवजी 'अक्का' म्हणा. रिक्षावाल्याला, वॉचमनला 'अण्णा' चालतं आणि क्रियापद आदरार्थीच हवं: 'बा' नाही 'बन्नि', 'कोडु' नाही 'कोडि'. अ‍ॅपने दोन्ही रूपं शिकवली तरी सुरुवातीला दुसरंच पाठ करा.

गट जमतो, पण कन्नड बोललं जात नाही

सोसायटीतल्या संभाषण गटाचं नेहमीचं दुखणं असं की दहा शिकणारे आणि कन्नड येणारा एकच. तो शिक्षक होतो, बाकीचे ऐकतात, आणि अर्ध्या तासात सगळे हिंदीवर येतात. सहा जणांचा गट पुरे, त्यात दोघं तरी कन्नड घरात बोलणारे हवेत. म्हणजे ती दोघं आपसात बोलतात ते ऐकायलाही मिळतं. तासभर बसा, पहिली चाळीस मिनिटं फक्त कन्नड. वाक्य अडलं तर मध्येच दुरुस्ती नको. एकाने चुका कागदावर लिहाव्यात आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्या बोलाव्यात.

विषय मोकळा सोडला की हवापाण्यापुढे गाडी जात नाही. एका बैठकीला एकच प्रसंग घ्या, उदाहरणार्थ कोथिंबीर घेणं. 'कोत्तंबरि सोप्पु एष्टु?' (कोथिंबीर केवढ्याला?) 'ओंदु कट्टु इप्पत्तु रूपायि.' (एक जुडी वीस रुपये.) 'एरडु कट्टु कोडि.' (दोन जुड्या द्या.) 'इन्नेनु बेकु?' (आणखी काय हवं?) 'साकु. चिल्लरे इल्ला.' (पुरे. सुटे नाहीत.) दुसऱ्या फेरीत भाव बदला, तिसऱ्या फेरीत विकणारा घाईने बोलू दे. आकडे इथेच पक्के होतात. आपल्या 'पंचवीस'मध्ये पाच आधी येतात, कन्नडमध्ये वीस आधी: इप्पत्तु आणि ऐदु मिळून इप्पत्तैदु. एक ते दहा आणि दहाच्या पटीतले शब्द आले की बाजारातले बहुतेक भाव कळतात.

समोरचा तुम्हाला अडखळताना पाहून सौजन्याने हिंदीवर येईल. त्याला रोखायला ही वाक्यं तयार ठेवा: 'कन्नडदल्लि हेळि' (कन्नडमध्ये सांगा), 'निधानवागि हेळि' (सावकाश सांगा), 'इदक्के कन्नडदल्लि एन् अंतारे?' (याला कन्नडमध्ये काय म्हणतात?). आणि गप्पा सुरू करायला 'ऊटा आयता?' विचारा, आपल्या 'जेवण झालं का?'सारखंच. उत्तर 'आयतु, निम्दु?' (झालं, तुमचं?).

बदली बंगळूरऐवजी हुबळी-धारवाडला झाली असेल तर वरची बोली जशीच्या तशी नेऊ नका. तिथे 'इदे'च्या जागी 'ऐती' ऐकू येतं आणि आदरासाठी शेवटी 'री' लागतो: हौदु (हो) याचं 'हौद्री'. तिथे गेल्यावर रेकॉर्डिंग तिथल्याच शेजाऱ्याकडून करून घ्या.