इन्सुलिन पेन वापरताना या चुका टाळा: नव्याने सुरुवात करणाऱ्या ज्येष्ठांसाठी

मधुमेहाच्या ओपीडीत पेन शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, आणि साखर आटोक्यात येत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आले की आता मी आधी कागद पाहत नाही. त्यांना शर्ट किंवा पदर जरा बाजूला करायला सांगते आणि पोट चाचपते. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडते.

सत्तरीच्या एका आजोबांची गोष्ट सांगते. त्यांना मिश्र, म्हणजे गढूळ दिसणारे इन्सुलिन सकाळी 16 आणि रात्री 10 युनिट असे सुरू केले होते. आठ महिन्यांत तो डोस 26 आणि 18 वर गेला, तरी उपाशीपोटीची साखर एखाद्या दिवशी 110 तर दुसऱ्या दिवशी 280 येत होती. घरातले म्हणत, आजोबा चोरून गोड खातात. मी हात फिरवला तेव्हा बेंबीच्या उजव्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढा, रबरासारखा फुगवटा हाताला लागला. रोज सुई तिथेच का टोचता, असे विचारले, तर म्हणाले, “सिस्टर, इथं अजिबात दुखत नाही हो.” दुखत नव्हते ते खरेच, कारण एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्याने त्वचेखालची चरबी जाड झाली होती आणि अशा गाठीत वेदना कमी जाणवते. मात्र तिथून इन्सुलिन कधी अर्धेमुर्धे, कधी उशिरा, तर कधी एकदम शोषले जाते. गोड खाण्याचा आळ त्यांच्यावर नाहक आला होता.

यापुढची चूक माझी होती. मी त्यांना जागा बदलायला सांगितली, आणि डॉक्टरांना कळवून डोस ठरवून घ्यायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी सुनेने बेंबीच्या डाव्या बाजूच्या निरोगी त्वचेत तेच 26 युनिट दिले. अकराच्या सुमारास आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि साखर 48 भरली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिल्यावर आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून पाहिल्यावर ते सावरले. गाठीत वाया जाणारे इन्सुलिन निरोगी जागेत पूर्ण शोषले गेले, एवढाच त्याचा अर्थ होता. डॉक्टरांनी डोस 20 आणि 14 वर आणला, आठवडाभर दिवसातून चार वेळा साखर तपासायला लावली आणि मग तो 18 आणि 12 वर स्थिरावला. म्हणून गाठ आढळली तर जागा जरूर बदला, पण डोस किती कमी करायचा हे आधी डॉक्टरांना विचारा आणि त्यानंतरच सुई टोचा.

जागा फिरवणे म्हणजे मनाला येईल तिथे टोचणे नव्हे. माझी पद्धत अशी आहे: बेंबीभोवती दोन बोटांची जागा मोकळी सोडून पोटाचे मनातल्या मनात चार भाग करावेत. पहिला आठवडा उजवीकडचा वरचा भाग, पुढचा आठवडा डावीकडचा वरचा, असे घड्याळाच्या दिशेने फिरावे, आणि एकाच भागात रोजची सुई आदल्या दिवशीच्या खुणेपासून निदान एक बोट दूर टोचावी. आठवडा कोणता हे लक्षात राहत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने आकडा लिहावा. मांडीची वरची बाहेरची बाजूही चालते, पण मांडीतून इन्सुलिन पोटापेक्षा सावकाश शोषले जाते. त्यामुळे आज पोट, उद्या मांडी अशी उडी मारू नये. सकाळची सुई पोटावर आणि रात्रीची मांडीवर, असे काही ठरवायचे असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि मग तेच पाळावे. आंघोळीच्या वेळी साबणाच्या ओल्या बोटांनी दर आठवड्याला पोट आणि मांड्या चाचपाव्यात, कारण गाठ डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते.

दुसरी चूक घाईतून होते. सुई टोचली, बटण दाबले, लगेच बाहेर काढली, आणि सुईच्या टोकावर टपोरा थेंब. तो थेंब तुमच्या डोसातला असतो. बटण पूर्ण दाबून झाल्यावर ते दाबलेलेच ठेवून मनात सावकाश दहापर्यंत मोजावे आणि मगच सुई सरळ बाहेर ओढावी. दहा मोजायला वेळ नाही म्हणणारे लोक चहा थंड होईपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसतात, हे मी रोज पाहते.

याच घाईतून सुई पेनलाच लावून ठेवण्याची सवय लागते. सुई लावलेले पेन म्हणजे उघडे तोंड असलेली बाटली. उन्हाने इन्सुलिन प्रसरण पावते व थेंब गळतात, गार झाले की हवा आत ओढली जाते, आणि गढूळ इन्सुलिनातला द्रव गळल्यास उरलेल्याची तीव्रता बदलते. आत बुडबुडा असेल तर बटण दाबल्यावर आधी तोच दाबला जातो आणि डोस रेंगाळत येतो. म्हणून प्रत्येक वेळी नवी सुई लावावी, पेन उभे धरून 2 युनिट हवेत सोडून टोकावर थेंब दिसल्याची खात्री करावी, आणि काम झाल्यावर बाहेरची मोठी टोपी लावून सुई काढून झाकणाच्या जाड डब्यात टाकावी. थेंब आला नाही तर पुन्हा 2 युनिट सोडावेत. आतल्या लहान टोपीकडे लक्ष द्यावे: ती न काढताच टोचणारे मी पाहिले आहेत, त्यांना “काहीच दुखले नाही” याचा आनंद होता.

गढूळ इन्सुलिन हलवून घेण्याबाबत एवढेच सांगते: पेन तळहातांमध्ये दहा वेळा लाटावे, दहा वेळा हळूच उलटसुलट करावे, सगळे दुधासारखे एकसारखे झाले की थांबावे. जोरात घुसळू नये. चार मिलिमीटरची सुई सरळ काटकोनात टोचावी. अंगाने फार सडपातळ असलेल्यांनी त्वचा चिमटीत धरावी. कपड्यावरून टोचू नये. ज्यांना डायलचा आकडा नीट दिसत नाही त्यांनी टिक-टिक मोजण्यावर विसंबू नये, घरातल्याकडून आकडा बघून घ्यावा.

साठवणीत मला सर्वाधिक राग येतो तो बर्फाच्या कप्प्याचा. न उघडलेले पेन फ्रीजच्या मधल्या फळीवर, 2 ते 8 अंशांत ठेवावे. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवले तरी ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून नेहमीसारखे दिसले तरी टाकून द्यावे. वापरातले पेन खोलीतच ठेवावे, कारण गार इन्सुलिन टोचताना जास्त दुखते. साधारणपणे ते 30 अंशांखाली सुमारे 28 दिवस टिकते, पण नेमके किती दिवस व किती तापमान ते आपल्या पेनाच्या पत्रकात पाहावे. पहिल्या दिवशीच पट्टी चिकटवून तारीख लिहावी, नाहीतर महिन्याने कोणालाच आठवत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात खोली तीस अंशांवर राहत नाही, तेव्हा पेन बंद डब्यात घालून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत आणि वारा लागेल असे ठेवावे. डब्यात पाणी शिरता कामा नये. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा देवघरात समईशेजारी पेन ठेवू नये. दोन्ही मी प्रत्यक्ष पाहिले आहे. उन्हाने बिघडलेले इन्सुलिन कधी कधी दिसायला अगदी नेहमीसारखे असते, म्हणून तेच खाणे, तोच डोस, तरीही तीन दिवस साखर चढती असेल तर नवे पेन उघडावे आणि डॉक्टरांना जुन्या पेनची तारीख सांगावी.