छपाईच्या चुकांचं गणित आणि कॅल्क्युलेटरचा एरर

म्हापशाहून भाचीने पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवला, "मामा, हे सुटत नाही, 2000! टाकलं की एरर येतो." येणारच, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर 69! च्या पुढे जात नाही. गणित असं, पानावर 2000 अक्षरं, प्रत्येक अक्षर चुकीचं छापलं जायची शक्यता 0.001, तर पानावर किमान 3 चुका असायची शक्यता किती?

फोटो हललेला, त्यामुळे 0.001 की 0.01 तेच दिसेना. पुस्तकात मागे दिलेलं उत्तर 0.323 होतं, त्यावरून ठरवलं, कारण 0.01 असतं तर सरासरी 20 चुका आणि उत्तर जवळजवळ 1 आलं असतं.

मग तिला सांगितलं, अक्षरं खूप आणि शक्यता चिमूटभर असली की 2000! लागणारं बायनोमियल सूत्र सोडून पॉयसाँचं सूत्र घे, त्याला फक्त सरासरी लागते, λ = np = 2000 × 0.001 = 2. शून्य चुका e^-2 म्हणजे 0.1353, एक चूक त्याच्या दुप्पट, दोन चुका पण तेवढ्याच (2²/2! = 2 ना), बेरीज 5 × 0.1353 = 0.677, एकातून वजा केली की 0.323.

"पण हे अंदाजेच ना?" हो, पण फरक np² पेक्षा जास्त नसतो, इथे 0.002. शून्य चुकांचं खरं बायनोमियल उत्तर 0.1352 येतं, बघ की!

अट एकच, चुका सुट्या सुट्या पडायला हव्यात, अख्खी ओळच पुसट छापली गेली तर λ बरोबर असूनही उत्तर फसतं.