रेकॉर्ड केलेल्या तासांसाठी क्लासच्या सरांना लिहिलेलं पत्र

दहावीच्या शिकवण्या घेणाऱ्यांना हल्ली क्लासवाले विचारतात, "मॅडम, तुमचे तास रेकॉर्ड करून द्याल का?" तोंडी होकार दिला की शिकवण्याचे पैसे ठरतात, एडिटिंगचे तास मात्र कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. म्हणून सांगलीतल्या एका क्लासच्या सरांना मी आधी पत्र लिहिलं. त्याआधी एक नमुना तास घरी रेकॉर्ड करून प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. पत्रातले आकडे तिथूनच आले.

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

गणित भाग २ मधलं 'वर्तुळ' हे प्रकरण मी आपल्या क्लाससाठी साधारण १५ मिनिटांच्या १२ भागांत रेकॉर्ड करून देऊ इच्छिते. या प्रकरणात सिद्धता लिहिताना आकृती सतत डोळ्यांसमोर लागते, त्यामुळे मुलांना हे भाग पुन्हा पुन्हा पाहता येतील.

फळ्याऐवजी टेबलावरच्या कागदावर वरून चित्रीकरण करावं असं मला वाटतं. पांढऱ्या फळ्यावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमकी तिथलीच अक्षरं दिसत नाहीत. मोबाईल आणि कॉलर माईक माझा असेल. आपल्याकडून आडवा दांडा असलेला स्टँड, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड देणारे दोन दिवे आणि पंखा बंद ठेवता येईल अशी खोली हवी. एका भागाचं कच्चं चित्रीकरण सुमारे ५ जीबी होतं, म्हणून एक हार्ड डिस्कही लागेल.

एका भागाच्या चित्रीकरणाला सुमारे ४० मिनिटं आणि एडिटिंगला दोन तास लागतात. चुकलेली वाक्यं कापणं, आवाज साफ करणं, आकृतीत बिंदूंची नावं ठळक करणं आणि शेवटी पूर्ण भाग एकदा पाहणं हे त्यात आलं. भाग मिळाल्यापासून आठ दिवसांत सांगितलेल्या दुरुस्त्या एकदा विनामूल्य करीन. मजकूरच बदलायचा झाल्यास एडिटिंगच्या तासाचा दर लागू होईल.

मानधन प्रत्येक भागाला शिकवण्याचे ८०० रुपये आणि एडिटिंगचे तासाला २५० प्रमाणे ५०० रुपये, असे एकूण १,३०० रुपये. १२ भागांचे १५,६०० होतात. सुरुवातीला ३,६०० आणि त्यानंतर दर चार भाग सुपूर्द केल्यावर ४,००० द्यावेत. चित्रफितींचे हक्क माझ्याकडे राहतील. आपल्या क्लासच्या विद्यार्थ्यांना त्या दाखवण्याचा हक्क तीन वर्षं आपल्याला असेल.

हे मान्य असल्यास एका प्रतीवर सही करून द्यावी, ही विनंती.

आपली नम्र

हक्कांचं वाक्य अनेकजण भिडेखातर गाळतात. पण स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन बनवलेल्या चित्रफितीचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, ती बनवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे आपण गप्प राहिलो तर क्लास तेच तास दुसऱ्या शाखेत वर्षानुवर्षं दाखवू शकतो आणि आपण बोलू शकत नाही. त्यासाठीच सरांची सही हवी.

एडिटिंगचे दोन तास दोनच राहतात का, हे चित्रीकरणाच्या वेळी ठरतं. बोलताना चूक झाली की मी थांबते, माईकजवळ एक टाळी वाजवते आणि ते वाक्य पहिल्यापासून बोलते. एडिटिंगच्या पडद्यावर आवाजाच्या रेघेत टाळीचा उंच सुळका दिसतो, त्यामुळे चूक शोधायला पूर्ण चित्रण ऐकावं लागत नाही. दुसरी गोष्ट, मोबाईलचा फोकस आणि उजेड आधीच लॉक करायचा. तसं न केल्यास कंपास घेऊन हात कागदावर आला की कागद क्षणभर काळवंडतो, पुन्हा उजळतो. हा दोष एडिटिंगमध्ये नीट जात नाही, तो भाग परत घ्यावा लागतो. म्हणून सुरुवातीला मिनिटभर चित्रीकरण करून, हात फिरवून, ते हेडफोन लावून पाहायचं. पंख्याची घरघरही तेव्हाच कळते.

सरांना एडिटिंगचे पैसे वेगळे देणं जड वाटत होतं. "आमचा मुलगा एडिटिंग करेल," असं ते म्हणाले. मी होकार दिला, पण अंतिम भाग मी पाहून मान्य केल्याशिवाय मुलांना दाखवायचा नाही, अशी अट घातली. स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयात एक ओळ कापली गेली तर सिद्धताच तुटते आणि गणित न जाणणाऱ्याला ते कळत नाही. त्या मुलाने पहिला भाग केला. पाहताना दोन ठिकाणी कारण लिहिलेली ओळ गायब दिसली. त्यानंतर एडिटिंग मूळ दराने माझ्याकडेच राहिलं. हक्कांची मुदत मात्र सरांनी तीनऐवजी चार वर्षं मागितली, ती मी दिली आणि तसा बदल दोन्ही प्रतींवर लिहून आम्ही सह्या केल्या.