'वेळेत डिलिव्हरी' ही ओळ तक्त्यातून खोडा

कोणत्या कामात कोणाची काय जबाबदारी हे मांडणाऱ्या रेसी तक्त्यातली चार अक्षरं तुम्हाला माहीत असतीलच. काम करणारा 'आर', त्या कामाचा जाब ज्याला द्यावा लागतो तो 'ए', आधी ज्याला विचारायचं तो 'सी' आणि ज्याला नुसतं कळवायचं तो 'आय'. रत्नागिरीत हापूसच्या ऑनलाइन विक्रीत नवीन असाल, तर एकाच ओळीकडे बघा: 'वेळेत डिलिव्हरी'. तिथेच सगळे अडकतात, आम्हीही अडकलो.

आमच्या तक्त्यात त्या ओळीला दोन 'ए' होते, विक्रीप्रमुख आणि पॅकहाऊसप्रमुख. मीटिंगमध्ये कोणी दुखावू नये म्हणून. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडला आणि तोड थांबली. अढीत फळ पिकायला साधारण ८-१० दिवस जातात, त्यामुळे उशिरा उतरवलेला माल सणाला हिरवाच राहणार हे पॅकहाऊसला दिसत होतं. ग्राहकाशी विक्रीवाले बोलतात, तेच सांगतील, असं त्यांनी धरलं. माल पॅकहाऊसचा, काही अडलं तर ते बोलतील, असं विक्रीने धरलं. तक्त्याप्रमाणे दोघेही बरोबर! पुण्यातल्या घरांत सणाच्या दिवशी कच्चे आंबे पोचले.

दुसरा 'ए' नुसता पुसून भागत नाही. एका ओळीत दोन 'ए' यावेसे वाटतात, कारण तिच्यात दोन-तीन निर्णय कोंबलेले असतात. आम्ही तिच्या तीन ओळी केल्या. तारीख कबूल करणं: 'आर' ऑर्डर घेणारा, 'ए' विक्रीप्रमुख, 'सी' पॅकहाऊस. माल त्या तारखेला तयार होणार नाही हे ठरवणं: 'आर' अढी बघणारा सुपरवायझर, 'ए' पॅकहाऊसप्रमुख, 'आय' विक्री. ग्राहकाला नवी तारीख कळवणं: 'आर' आणि 'ए' पुन्हा विक्रीकडे.

आता पहिल्या ओळीतला 'सी' नीट बघा. तिथे उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं. व्हॉट्सॲपवर 'पंचवीस पेट्या घेतल्यात' असं टाकून मोकळं होणं म्हणजे 'आय'. विक्रीतली मुरलेली माणसं तुम्हाला हाच शॉर्टकट शिकवतील, कारण थांबलं की ऑर्डर जाते. म्हणून आम्ही 'सी'ला मुदत घातली: पॅकहाऊसने तासाभरात उत्तर दिलं नाही, तर विक्रीप्रमुख स्वतः फोन करतो आणि मगच तारीख देतो.

घाबरू नका, पूर्ण तक्ता लागत नाही. भांडणाच्या चार-पाच ओळी पुरतात. इंटरनेटवरचे साठ ओळींचे साचे तर उघडूच नका.

आमची पाचवी ओळ अजून वादात आहे. फळात साका, म्हणजे आतला गर खराब, निघाला, तर पैसे परत करायचं कोणी ठरवायचं? साका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पॅकहाऊसला दोष देता येत नाही. सध्या 'ए' विक्रीप्रमुखाकडे आहे आणि तो दर सीझनला कुरकुरतो.